चित्रफितीवरून प्रयोगाचा अहवाल : आयोडिन-घड्याळाच्या निमित्ताने एक आढावा

रसायनशास्त्राचा एखादा प्रयोग दुसऱ्या कोणी करावा, त्याची चित्रफीत आपण पाहावी आणि तिच्या आधारे निरीक्षणे, रंगांतील पालट आणि वेळा यांचा रीतसर अहवाल लिहावा, ही प्रथा अलीकडच्या काळात शाळा-महाविद्यालयांतून चांगलीच रूढ झाली आहे. प्रयोगांच्या चित्रफिती काढून त्या प्रसिद्ध करणारे ‘जोव्ह’ नावाचे नियतकालिक २००६ साली निघाले. नॉटिंगहॅम विद्यापीठाने मूलद्रव्यांवरील आपली चित्रमालिका २००८ साली सुरू केली. आणि २०२० साली प्रयोगशाळांना कुलुपे लागली, तेव्हा ज्या वर्गात पूर्वी जर्नलवर सही मिळण्यासाठी हाताला आम्लाचे डाग पडणे आवश्यक मानले जाई, त्याच वर्गात पडद्यावर पाहिलेल्या प्रयोगाची नोंद ग्राह्य धरली जाऊ लागली. तेव्हापासून ही पद्धत टिकून राहिली आहे, आणि म्हणूनच अशा अहवालात काय लिहिण्याचा आपल्याला अधिकार पोहोचतो, काय लिहिण्याचा पोहोचत नाही, आणि जे लिहिले ते कितपत विश्वासार्ह मानावे, या साऱ्या प्रश्नाचा एकत्र विचार होणे जरुरीचे आहे.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एका प्रयोगाला धरून करणे अधिक सोयीचे, आणि त्यासाठी आयोडिन-घड्याळाइतका उपयुक्त प्रयोग दुसरा नाही. कारण त्यात रंगाचा पालट ठसठशीत असतो, त्याची वेळ हेच मुख्य मापन असते, आणि डोळ्यांना जे दिसते त्याच्या मागे जे घडते ते मात्र जवळजवळ संपूर्णपणे अदृश्य राहते. प्रयोगाची मांडणी अशी : एका चंचुपात्रात पोटॅशियम आयोडाइड, थोडेसे सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्चचे द्रावण, दुसऱ्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही द्रावणे पाण्यासारखी रंगहीन. ती एकत्र केली की काही काळ काहीच घडल्यासारखे दिसत नाही, आणि मग एका क्षणी सारे पात्र गडद निळे होऊन जाते. त्या निःस्तब्ध वाटणाऱ्या काळात पेरॉक्साइड आयोडाइडपासून सतत आयोडिन मुक्त करीत असते,

H₂O₂ + 2I⁻ + 2H⁺ → I₂ + 2H₂O

परंतु मुक्त झालेले आयोडिन तत्क्षणी थायोसल्फेट गिळून टाकते आणि त्याचे पुन्हा आयोडाइड करते,

I₂ + 2S₂O₃²⁻ → 2I⁻ + S₄O₆²⁻

आणि ज्या क्षणी थायोसल्फेट संपते त्या क्षणापासून आयोडिन शिल्लक राहून स्टार्चशी संयोग पावते व निळा रंग उमटतो. पेरॉक्साइड व आयोडाइड यांच्यातील या अभिक्रियेचा वेग ऑक्सफर्ड येथे व्हर्नन हार्कोर्ट आणि विल्यम एसन यांनी १८६६ च्या सुमारास निळ्या रंगाच्या उगमाची वेळ घेऊनच मोजला होता. त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता. परंतु त्यांच्या पद्धतीत असा एक गुण होता की चित्रफितीवरून अहवाल लिहिणाराला तिचा आजही फार मोठा आधार मिळू शकतो, आणि तिच्याकडे मी अखेरीस वळणार आहे.

प्रथम वेळेची बाब घेऊ, कारण चित्रफितीचा सर्वांत मोठा लौकिक तोच आहे. सामान्यतः चित्रफितीत दर सेकंदाला तीस चौकटी असतात, म्हणजे दोन चौकटींमधले अंतर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतके; आणि हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये माणसाच्या प्रतिक्रियेमुळेच पाव सेकंद जातो हे लक्षात घेता चौकटी मोजून काढलेली वेळ कितीतरी अचूक असावी असे कोणालाही वाटेल. हा समज दोन ठिकाणी फसतो. पहिले ठिकाण यंत्राचे आहे. मोबाइलचे कॅमेरे प्रकाश कमी झाला की चौकटींची गती आपोआप उतरवतात, त्यामुळे एकाच फितीत चौकटींमधले अंतर बदलत राहते, आणि ‘बाराशे चौकटी म्हणजे चाळीस सेकंद’ हा हिशेब खोटा ठरतो. आयोडिन-घड्याळात तर पात्र काळोखते ते नेमके मोजणीच्या क्षणी. मंदगतीने घेतलेली फीत याहून फसवी. २४० चौकटींनी टिपलेले दृश्य तीसच्या गतीने दाखवले की पाच सेकंदांची घटना चाळीस सेकंद चालते. म्हणून चौकटी न मोजता प्रत्येक चौकटीवर फाइलमध्येच नोंदलेली वेळ वाचावी, आणि ती ‘एफएफप्रोब’ या मोफत साधनाने एका ओळीत काढता येते :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 prayog.mp4
```

या यादीत लागोपाठच्या दोन वेळांमधला फरक सर्वत्र ०·०३३ च्या आसपास असेल तर फीत सरळ आहे. तो मध्येच ०·०५ वा ०·०६ होत असेल तर गती बदलती आहे हे समजावे व सर्व वेळा या यादीवरूनच घ्याव्यात. मंदगतीची लबाडी मात्र या यादीत दिसत नाही, कारण नोंदलेल्या वेळाच ताणलेल्या असतात. ती ओळखण्यासाठी चौकटीत चालते घड्याळ असावे लागते, किंवा निदान बोलणाऱ्याचा आवाज नैसर्गिक आहे की नाही हे पाहावे लागते. संपादन करून मधला काळ कापून टाकला असेल तर तोही यादीत दिसत नाही. तो पकडण्यासाठी फीत सावकाश पुढे नेत द्रावणाची पातळी, पात्राची टेबलावरील सावली आणि पार्श्वभूमीतील आवाज या तिन्हींवर लक्ष ठेवावे. यांपैकी कशाचीही एकाएकी उडी झाली तर त्या ठिकाणी कातर चालली आहे असे मानून त्या पलीकडच्या वेळा अहवालात घेऊच नयेत.

दुसरे ठिकाण रसायनाचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. शून्य क्षण कोणता? फितीत दिसते ते असे की, समजा, १ मिनिट १२·४ सेकंदांना पेरॉक्साइडची धार पहिल्या पात्रात पडू लागली आणि १ मिनिट १४·१ सेकंदांना ती संपली. मग १ मिनिट ५६·३ ला काचकांडीजवळ निळसर छटा उमटली आणि ५६·७ ला सर्व पात्र गडद झाले. ओतण्याला लागलेले पावणेदोन सेकंद हा काही क्षण नव्हे, तो एक कालखंड आहे, आणि त्यातील आरंभ धरला तर एक उत्तर, अंत धरला तर दुसरे. ओतण्याचा मध्यबिंदू शून्य धरावा आणि रंग पसरण्याचा मध्यबिंदू अंत धरावा हा त्यातल्या त्यात न्याय्य संकेत होय. त्याप्रमाणे शून्य १ मिनिट १३·२५ सेकंद, अंत १ मिनिट ५६·५, आणि अवधी ४३·२५ सेकंद. परंतु दोन्ही टोकांची अनिश्चितता मिळून सुमारे एक सेकंदाची असल्याने अहवालात ‘४३ ± १ सेकंद’ असेच लिहिले पाहिजे. मी असे अनेक अहवाल पाहिले आहेत की ज्यांत ‘४३·२३३ सेकंद’ असा आकडा मोठ्या विश्वासाने मांडलेला असतो; ते शेवटचे अंक कॅमेऱ्याचे असतात, अभिक्रियेचे नसतात. शून्य कोठे धरला हे अहवालात एका वाक्यात सांगितलेच पाहिजे, नाहीतर दुसऱ्याने तीच फीत पाहून काढलेली वेळ आपल्याशी जुळली नाही तर चूक कोणाची हे ठरवण्यास काही साधन उरत नाही.

आता रंगाकडे वळू. येथे वाचकाने एक गोष्ट मनात पक्की धरावी, की कॅमेरा हा तटस्थ साक्षीदार नाही. समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम उजेडाचे आणि एकंदरीत पांढऱ्या प्रकाशातले दिसावे यासाठी तो क्षणोक्षणी स्वतःच्या जबानीत फेरफार करीत असतो. पात्र निळे-काळे झाले की चौकटीतील बराच भाग अंधारतो, तो भरून काढण्यासाठी कॅमेरा सगळेच दृश्य उजळवतो, आणि पुष्कळदा निळ्याचा तोल साधण्यासाठी त्याला पिवळसर झाकही देतो. अशा फितीवरून एखादा विद्यार्थी लिहितो की ‘निळा रंग प्रथम गडद झाला व नंतर थोडा फिकटला’; वास्तविक द्रावणात असे काहीच घडलेले नसते. हा दोष उघडकीस आणण्याचा उपाय सोपा आहे. पात्राच्या मागे वा शेजारी असलेला पांढरा कागद पाहावा. रंगपालटाच्या आधीच्या एका चौकटीत आणि नंतरच्या एका चौकटीत त्या कागदाच्या एकाच ठिकाणच्या ठिपक्याचे लाल, हिरवा व निळा या तीन घटकांचे आकडे ‘इमेजजे’ सारख्या साधनाने वाचावेत. आधी ते, उदाहरणार्थ, २०५, २०४, २०१ असतील आणि नंतर २३०, २२६, २१० झाले असतील तर कागद बदललेला नाही, कॅमेरा बदलला आहे, आणि त्यानंतरच्या छटांविषयी ‘गडद निळा’ यापलीकडे एक अक्षरही लिहू नये. आणि ज्या फितीत पांढरी वस्तूच नसेल, तीत छटांची तुलना करण्याचा मोह सोडून द्यावा.

पालटाचा क्षण ठरवण्यासाठी मात्र या तीन घटकांचा फार चांगला उपयोग होतो, आणि तो करताना नेहमी चुकीचा घटक निवडला जातो. रंग निळा म्हणून निळ्या घटकाकडे पाहावे असे सहज वाटते. परंतु स्टार्च-आयोडिनचे संयुग प्रकाश शोषते ते मुख्यतः ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे नारिंगी-लाल भागातला, आणि ते निळे दिसते ते त्यामुळेच. तेव्हा पात्राच्या मध्यावरील एका ठिपक्याचा लाल घटक चौकटीमागून चौकट वाचत गेल्यास तो बराच वेळ स्थिर राहून मग कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो, आणि त्या घसरणीचा मध्य हा डोळ्यांनी ठरवलेल्या क्षणापेक्षा अधिक निश्चित असतो. येथे आणखी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. या आकड्यांवरून शोषणाचे गणित मांडून आयोडिनची संहती काढण्याचा खटाटोप काही जण करतात. परंतु कॅमेरा प्रकाशाचे आकडे डोळ्याला साजेसे वाकवून नोंदतो, आकडा दुप्पट म्हणजे प्रकाश दुप्पट असे नाते त्यांत नसते, आणि ज्ञात संहतीची द्रावणे त्याच उजेडात, त्याच चौकटीत ठेवून आधी रुजुवात घेतल्याखेरीज असे गणित निराधार होय. पालट केव्हा झाला यासाठी हे आकडे उत्तम. किती झाला यासाठी ते जवळजवळ निरुपयोगी.

निरीक्षणांच्या शब्दयोजनेविषयी आपल्याकडील जुनी शिस्त फार मोलाची आहे. क्षारांच्या पृथक्करणात ‘प्रयोग, निरीक्षण, अनुमान’ असे तीन रकाने आखण्याची सवय महाराष्ट्रातील प्रत्येक विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला असते. चित्रफितीवरील अहवालात मात्र मधला रकाना बहुधा तिसऱ्याने गिळलेला आढळतो. ‘थायोसल्फेट संपल्यावर आयोडिन मुक्त झाले’ हे निरीक्षण नव्हे; ते अनुमान आहे, आणि तेही अर्धे चुकलेले, कारण आयोडिन आरंभापासून मुक्त होतच होते. निरीक्षण इतकेच : ‘मिश्रण ४३ सेकंद रंगहीन व पारदर्शक राहिले, त्यानंतर कांडीजवळ निळी छटा दिसून सुमारे अर्ध्या सेकंदात संपूर्ण द्रावण गडद निळे झाले.’ त्याचप्रमाणे रंग आल्यावर ‘अभिक्रिया पूर्ण झाली’ असे लिहिण्याचा अधिकार फीत पाहणाराला नाही. पेरॉक्साइड मोठ्या प्रमाणात शिल्लक असते, आयोडिन पुढेही तयार होत असते, फक्त आधीच काळवंडलेल्या पात्रात कॅमेऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. आणि जे दिसतच नाही त्याची तर गोष्टच वेगळी. ज्या दुसऱ्या प्रसिद्ध प्रयोगात थायोसल्फेटवर हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कागदावरची फुली दिसेनाशी होण्याची वेळ घेतात, त्यात गंधकाचा पिवळसर गढूळपणा चित्रात येतो, पण सल्फर डायऑक्साइडचा वास येत नाही. तरीही ‘उग्र वास आला’ असा शेरा चित्रफितीवरून लिहिलेल्या अहवालांत मी वाचला आहे. तो पाठ्यपुस्तकातून उतरवलेला असतो हे सांगायला नको. सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांच्या ‘ओलॅब्ज’मध्ये खऱ्या प्रयोगांच्या फितींबरोबर संगणकाने रचलेली आभासी प्रात्यक्षिकेही आहेत, शिकण्यासाठी ती चांगली, परंतु त्यांतला रंग कोणीतरी आज्ञावलीत लिहून ठेवलेला असल्याने त्यावरून केलेली नोंद निरीक्षण या सदरात मुळीच मोडत नाही.

आता ज्या उणिवेमुळे असे बहुसंख्य अहवाल निकामी ठरतात तिच्याकडे येतो. ती उणीव तापमानाची. वर घेतलेल्या उदाहरणात एकंदर १०० मिलिलिटर मिश्रणात आयोडाइड ०·०२ मोलर, पेरॉक्साइड ०·०२ मोलर, थायोसल्फेट ०·००१ मोलर आणि आम्ल सुमारे ०·१ मोलर धरले, तर २५ अंश सेल्सियसला त्रेचाळीस सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. थायोसल्फेटचे दोन रेणू आयोडिनच्या एका रेणूला पुरे पडतात, म्हणून त्या वेळात तयार झालेले आयोडिन ०·०००५ मोलर, आणि वेग ०·०००५ भागिले ४३, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १·२ × १०⁻⁵ मोल प्रति लिटर. इथपर्यंत सर्व ठीक. परंतु या अभिक्रियेचा वेग तापमानाच्या एका अंशाने सात-आठ टक्के बदलतो; म्हणजे द्रावण २५ ऐवजी २६ अंशांवर असेल तर तीन सेकंदांचा फरक पडतो. सेकंदाच्या तिसाव्या भागाचा अभिमान बाळगणारी ही सारी मोजणी एका अंशाच्या अज्ञानाने वाहून जाते. पुण्यातील प्रयोगशाळेत डिसेंबरच्या सकाळी द्रावणे वीस अंशांवर असतील आणि एप्रिलच्या दुपारी बत्तीसवर; तेच मिश्रण पहिल्या वेळी मिनिटभराने निळे होईल, दुसऱ्या वेळी सव्वीस-सत्तावीस सेकंदांत. फितीत तापमापक दिसत नसेल व करणाऱ्याने तोंडाने सांगितले नसेल, तर अहवालात त्या रकान्यात ‘नोंद उपलब्ध नाही’ असे लिहावे. ‘कक्ष तापमान’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे एका न पाहिलेल्या गोष्टीला पाहिल्याचा दाखला देणे होय. संहतींचेही तसेच. बाटलीवरच्या चिठ्ठीचा मजकूर वाचता येत असेल तर तो ‘चिठ्ठीवरून’ म्हणून द्यावा, बोलण्यात आला असेल तर ‘निवेदनावरून’ म्हणून द्यावा. पेरॉक्साइड तर महिनोन्महिने ठेवून विघटित झालेले असू शकते, आणि चिठ्ठीवर त्याची इतल्ला नसते. रंग येण्यास अपेक्षेपेक्षा दीडपट-दुप्पट वेळ लागला आणि तापमान कमी नव्हते हे माहीत असेल, तर पहिला संशय शिळ्या पेरॉक्साइडवर घ्यावा. रंग ओतताक्षणीच आला तर थायोसल्फेट घालायचे राहिले असे समजावे. आणि निळ्याऐवजी पिवळा-तपकिरी रंग हळूहळू चढत गेला तर स्टार्च नाही किंवा बिघडले आहे.

या उणिवेवर तोडगा आहे, आणि तोच हार्कोर्ट-एसन यांच्या पद्धतीतला गुण. त्यांनी एकदा रंग आल्यावर प्रयोग थांबवला नाही. थायोसल्फेटचा मोजका, लहानसा हिस्सा पुन्हा घातला, रंग गेला, काही वेळाने परत आला, पुन्हा हिस्सा घातला, आणि एकाच पात्रात रंग परतण्याच्या वेळांची एक मालिकाच मिळवली. चित्रफितीच्या दृष्टीने याचा लाभ दुहेरी आहे. एक म्हणजे सर्व वेळा एकाच पात्रातल्या, एकाच तापमानाच्या असल्याने त्यांची परस्परांतील गुणोत्तरे तापमान ठाऊक नसतानाही खरी राहतात. दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे : एका निळ्या क्षणापासून पुढच्या निळ्या क्षणापर्यंतचा अवधी मोजला, की मधला हिस्सा नेमका केव्हा घातला, सावकाश घातला की झटकन, याने काहीच फरक पडत नाही, कारण आयोडिन तयार होण्याचा वेग थायोसल्फेटवर अवलंबून नाही आणि दोन निळ्या क्षणांमध्ये त्या हिश्श्याला पुरेल इतकेच आयोडिन तयार व्हावे लागते. शून्य क्षणाचा तंटाच मिटतो.

हे उदाहरण आकड्यांनी पाहायचे तर पेरॉक्साइड कमी घ्यावे, ०·०२ ऐवजी ०·००५ मोलर, म्हणजे थायोसल्फेटच्या प्रत्येक हिश्श्याबरोबर मूळच्या पेरॉक्साइडचा दहावा भाग खर्च होतो. खर्च झालेले आयोडाइड थायोसल्फेटमुळे पुन्हा परत येत असल्याने त्याची संहती कायम राहते, आणि वेग घटतो तो केवळ पेरॉक्साइडच्या घटीमुळे. बाकी सर्व पूर्ववत ठेवून २५ अंशांवर अपेक्षित अवधी अनुक्रमे सुमारे १८२, २०३, २३० आणि २६६ सेकंद येतात. तापमान दुसरे असेल तर हे चारही आकडे एकाच प्रमाणात लहान वा मोठे होतील, पण १ : १·१२ : १·२७ : १·४६ ही त्यांची परस्पर चढण तशीच राहील, आणि तीच चढण पेरॉक्साइडच्या संदर्भात ही अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे याचा पुरावा होय. पहिला अवधी तेवढा ओतण्यापासून मोजलेला असल्याने एक सेकंदाने सैल, बाकीचे तिन्ही लाल घटकाच्या घसरणीवरून घेतल्यास अर्ध्या सेकंदाच्या आत पक्के. आणि त्या अवधींतील फरक वीस ते छत्तीस सेकंदांचे असल्याने एवढ्या सैलपणाची येथे काहीच हरकत नाही. पंधरा मिनिटांच्या या एका अखंड फितीत कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवावा, उजेडाची व रंगाची आपोआप होणारी जुळणी चित्रण सुरू करण्यापूर्वी बंद करावी, मागे पांढरा कागद लावावा, आणि पात्रात एक तापमापक सुरुवातीपासून अखेरपर्यंत चौकटीत दिसेल असा उभा ठेवावा.